वाळीत टाकलेल्या माणसाचे नेमके काय जाते?

कोकणातल्या एखाद्या वाडीत गावकीने एका कुटुंबाला वाळीत टाकल्याची बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येते. बातमी वाचून वाचक हळहळतो, पंचांना दोष देतो आणि पान उलटतो. मात्र त्या कुटुंबाचे काय गेले याचा हिशोब मांडायला बसले, तर एक अडचण लक्षात येते. सातबारा त्यांच्याच नावावर असतो, शिधापत्रिका असते, मतदार यादीत नाव असते, अंगाला कोणी हात लावलेला नसतो. शिमग्याची पालखी त्यांचे घर वगळून पुढच्या अंगणात जाते, मुलीच्या लग्नाला गावातले कोणी फिरकत नाही, दुकानदार त्यांच्याकडे पाहत नाही आणि घरात मयत झाले तर खांदा द्यायला चार माणसे मिळत नाहीत. दुकान आणि विहीर बंद होण्याचा त्रास मोजता येतो. पालखी दारात न थांबण्याचा त्रास कोणत्या मापाने मोजायचा?

राज्यशास्त्रातल्या एका जुन्या वादाचे मर्म या प्रश्नात आहे. माणूस आधी स्वतंत्र व्यक्ती असतो आणि नंतर नाती जोडतो, की नात्यांतूनच तो माणूस म्हणून घडतो? पहिल्या बाजूला ‘उदारमतवाद’ म्हणतात. व्यक्तीचे हक्क आणि तिची निवड यांना तो अग्रस्थान देतो. दुसऱ्या बाजूला ‘समुदायवाद’ हे नाव पडले आहे. एकट्या व्यक्तीपासून सुरुवात केल्यामुळे उदारमतवादाला माणूसही नीट कळत नाही आणि त्याची कर्तव्येही कळत नाहीत, असा त्याचा आक्षेप आहे. हा वाद विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीन दशकांत अमेरिकेतल्या विद्यापीठांत रंगला. तो आपल्याकडे किती लागू पडतो आणि कोठे अडखळतो हे पाहण्यासाठी वाळीत टाकलेल्या त्या घराइतकी चांगली जागा नाही.

पडद्यामागची वाटणी

अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी 1971 साली न्यायाचा एक सिद्धांत मांडला आणि पुढची सगळी चर्चा त्याच्याभोवती फिरत राहिली. त्यांची मूळ कल्पना आपल्या घरांतल्या वाटणीवरून सहज कळते. वडिलोपार्जित जमिनीचे हिस्से ज्या भावाने पाडायचे, त्याने आपला हिस्सा सर्वांत शेवटी उचलायचा असे ठरवले, तर तो हिस्से समसमान पाडतो. आपल्या वाट्याला काय येणार हे ठाऊक नसल्यामुळे तो न्यायाने वागतो.

रॉल्स हीच युक्ती सगळ्या समाजाला लावतात. आपण श्रीमंत की गरीब, स्त्री की पुरुष, हुशार की मंद, कोणत्या धर्माचे हे कोणालाच माहीत नाही, अशा अज्ञानाच्या पडद्यामागे बसून समाजाचे नियम ठरवायचे आहेत, अशी कल्पना करा, असे ते सांगतात. अशा वेळी माणसे दोन गोष्टी मागतील, असा त्यांचा निष्कर्ष होता. सर्वांना समान मूलभूत स्वातंत्र्ये असावीत ही पहिली. विषमता राहिलीच, तर तिच्यातून तळाच्या माणसाचा फायदा झाला पाहिजे ही दुसरी. उदारमतवाद म्हणजे श्रीमंतांची तरफदारी असा समज आपल्याकडे फार आहे. रॉल्स यांच्या बाबतीत तो सपशेल चुकीचा ठरतो.

सडाफटिंग ‘मी’

या मांडणीवर 1982 मध्ये मायकेल सँडेल या तरुण अभ्यासकाने बोट ठेवले. त्यांनी न्यायाच्या नियमांपेक्षा पडद्यामागे बसलेल्या माणसाकडे पाहिले. धर्म, भाषा, आईबाप, गाव, श्रद्धा हे सगळे काढून घेतल्यावरही उरतो आणि निवड करू शकतो, असा हा ‘मी’ कोण आहे? नाती त्याच्याजवळ असतात, पण तो नात्यांचा बनलेला नसतो. मराठीत अशा माणसाला सडाफटिंग म्हणतात. सँडेल यांचे म्हणणे असे की, असा माणूस कोठेच नसतो आणि असलाच तर त्याला निवड करण्यासाठी कोणताही आधार उरलेला नसतो.

कपडे आणि मातृभाषा यांतला फरक येथे उपयोगी पडतो. सदरा आपण निवडतो, नको झाला की काढून ठेवतो आणि आपण तेच राहतो. मातृभाषा आपण निवडलेली नसते, पण पुढचे सगळे निवडताना विचार तिच्यातूनच होतो. उदारमतवादी सगळी नाती सदऱ्यासारखी पाहतात आणि काही नाती मात्र मातृभाषेसारखी असतात, असे समुदायवादी सांगतात. क्वेबेकसारख्या भाषेच्या प्रश्नाने ढवळलेल्या प्रांतातून आलेले कॅनडाचे तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर यांना हे मुळातूनच ठाऊक होते. इतरांशी बोलता बोलताच माणूस स्वतःला ओळखू लागतो, असे त्यांनी मांडले. तत्त्वज्ञ अ‍ॅलेस्डेअर मॅकिन्टायर यांनी 1981 मध्ये हाच विचार गोष्टीच्या रूपकातून मांडला. आपण आपल्या आयुष्याच्या गोष्टीत मध्येच प्रवेश करतो. आधीची प्रकरणे दुसऱ्यांनी लिहिलेली असतात आणि आपण कोणाचे तरी मूल, कोणत्या तरी गावचे रहिवासी म्हणूनच रंगमंचावर येतो.

येथे दोन वेगळी विधाने एकमेकांत मिसळली जातात. ‘माणसाला समाज घडवतो’ हे पहिले विधान. ते कोणीही नाकारत नाही आणि रॉल्स यांनीही नाकारले नव्हते. दुसरे विधान अधिक धीट आहे. आपल्याला घडवणाऱ्या काही नात्यांपासून इतके दूर उभे राहताच येत नाही की ती ठेवायची की टाकायची हे तटस्थपणे ठरवावे, असे ते सांगते. खरा वाद या दुसऱ्या विधानाचा आहे. रॉल्स यांनी 1985 पासून आपली बाजू स्पष्ट केली. पडद्याची कल्पना माणसाच्या स्वभावाचे वर्णन नसून भिन्न श्रद्धांच्या नागरिकांनी एकत्र राहण्याचे नियम ठरवण्याचे साधन आहे, असे ते म्हणाले. घरी कोणी कितीही भाविक असो, नागरिक म्हणून त्याचे हक्क त्याच्या श्रद्धेवर अवलंबून नसावेत, एवढेच त्यांना हवे होते. हे उत्तर मला बऱ्याच अंशी पटते. सँडेल यांचा पुढचा मुद्दा मात्र त्या उत्तरानेही सुटत नाही.

पगारपत्रकातले दोनशे रुपये

महाराष्ट्रातल्या बहुतेक पगारदारांच्या पगारपत्रकात दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये अशी एक कपात दिसते. वर्षाचे 2500 रुपये होतात. हा व्यवसाय कर आहे. 1972 च्या भीषण दुष्काळानंतर राज्याने मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजना उभी केली आणि तिच्या खर्चासाठी 1975 मध्ये कायदा करून हा कर बसवला. मुंबईतल्या बँकेत बसलेल्या कारकुनाच्या पगारातून मराठवाड्यातल्या पाझर तलावावर माती वाहणाऱ्या बाईची मजुरी निघावी, असा हा व्यवहार होता. त्या दोघांची कधी भेट झालेली नसते आणि व्हायचीही नसते.

आता हा कर न्याय्य का, असे रॉल्स यांना विचारले तर ते म्हणतील की, कारकुनाची बुद्धी, त्याचे शिक्षण, त्याचे शहरातले घर यांत नशिबाचा भाग मोठा आहे. नैसर्गिक गुणांची वाटणी ही एक प्रकारे सर्वांची सामायिक ठेव आहे आणि तिच्या फळांत तळाच्या माणसाचा वाटा असला पाहिजे. सँडेल नेमके येथे अडवतात. सामायिक, पण कोणात? माझे गुण माझे नसतील तर ते आपोआप ‘आपले’ होत नाहीत. ते कोणाचेच नाहीत, असेही म्हणता येईल. सामायिक विहीर म्हटले की ती कोणाकोणात सामायिक आहे हे आधी ठरलेले असावे लागते. ठेव सामायिक म्हणताना रॉल्स यांनी एक ‘आपण’ गृहीत धरला आहे. ज्या सडाफटिंग माणसापासून त्यांनी सुरुवात केली, त्याच्याजवळ मात्र तो ‘आपण’ असू शकत नाही.

समुदायवादी टीकेतला मला सर्वांत भक्कम वाटणारा मुद्दा हाच आहे. नाती बाजूला ठेवून सुरुवात करणारा सिद्धांत पुनर्वाटपाला पोहोचतो तेव्हा नात्यांचीच उसनवारी करतो. पाझर तलावावरची बाई ‘आपली’ वाटत नसेल तर कर भरणारा तो दंड म्हणून भरेल किंवा चुकवेल.

न घेतलेले कर्ज

राज्याची आज्ञा आपण का मानायची, या जुन्या प्रश्नालाच ‘राजकीय बांधिलकी’ म्हणतात. आपण संमती दिली म्हणून, हे त्याचे जुने उदारमतवादी उत्तर. प्रत्यक्षात अशी संमती आपल्यापैकी कोणी दिलेली नसते. देशात राहिलात म्हणजे मूक संमती दिलीत, या युक्तिवादाची स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी 1748 मध्येच खिल्ली उडवली होती. झोपेत जहाजावर आणून टाकलेल्या माणसाला, समुद्रात उडी मारली नाहीस म्हणजे कप्तानाची सत्ता तू मान्य केलीस, असे सांगण्यासारखे ते आहे. रॉल्स यांनीही संमतीचा आधार सोडला. न्याय्य संस्थांना पाठबळ देणे हे प्रत्येक माणसाचे स्वाभाविक कर्तव्य आहे, असे ते म्हणाले. पण मग न्याय्य संस्था नॉर्वेतही आहेत. आपण आपल्याच देशाला का बांधील, हा प्रश्न तसाच उरतो.

सँडेल यांच्या उत्तरात कर्तव्यांचे तीन प्रकार आहेत. माणूस म्हणून सर्वांबद्दल असलेली कर्तव्ये, उदाहरणार्थ कोणाला इजा न करणे, हा पहिला. शब्द दिल्यामुळे आलेली कर्तव्ये हा दुसरा. उदारमतवादाची यादी येथे संपते. तिसरा प्रकार नात्याने आलेल्या कर्तव्यांचा आहे. ती सर्वांबद्दल नसतात आणि त्यांना आपली सहीही लागलेली नसते. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण घेऊनच माणूस जन्मतो, ही कल्पना येथे रुळलेलीच आहे. अर्थात ज्या परंपरेने ही ऋणे सांगितली तिनेच कोणी कोणते काम करायचे हेही जन्मावरून ठरवले, ही गोष्ट पुढे लागणार आहे.

या तिसऱ्या प्रकारासाठी सँडेल अमेरिकेतल्या दोन भावांच्या जोड्यांचे उदाहरण देतात. बॉस्टनचे विल्यम बल्जर हे मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटचे अध्यक्ष आणि नंतर राज्य विद्यापीठाचे प्रमुख होते. त्यांचा भाऊ जेम्स हा खुनांचे आरोप असलेला फरारी गुंड होता. भावाला पकडून देण्यात मदत करण्यास विल्यम यांनी नकार दिला आणि 2003 मध्ये त्यांना विद्यापीठाचे पद सोडावे लागले. दुसरी जोडी कॅझिन्स्की यांची. 1978 ते 1995 या काळात टपालाने किंवा स्वतः नेऊन ठेवलेल्या बॉम्बनी तिघांचे प्राण घेणाऱ्या माणसाचा जाहीरनामा वर्तमानपत्रात छापून आला, तेव्हा डेव्हिड कॅझिन्स्की यांना त्यात आपल्या थोरल्या भावाची, टेडची, शैली ओळखू आली. त्यांनी तपास यंत्रणेला कळवले आणि 1996 मध्ये टेडला अटक झाली.

कोणाचे बरोबर? बहुतेक वाचक डेव्हिड यांच्या बाजूने कौल देतील आणि मीही देतो. सँडेल यांचा मुद्दा कौलाचा नाही. डेव्हिड यांना तो निर्णय घेताना जी यातना झाली, ती आपल्याला लगेच समजते, याकडे ते लक्ष वेधतात. भावाचे नाते निव्वळ भावना असते आणि त्याला नैतिक वजन नसते, तर येथे पेच पडलाच नसता. नात्याचे कर्तव्य हरले, तरी ते पारड्यात होते.

“मग गावकीचेच बरोबर म्हणायचे का?”

ज्याच्यावर जातपंचायतीची छाया पडली आहे असा कोणीही वाचक हा प्रश्न विचारील आणि त्याने तो विचारलाच पाहिजे. समुदाय माणसाला घडवतो आणि त्याची न स्वीकारलेली कर्तव्येही खरी असतात, हे मान्य केले तर पंचांच्या हाती कोलीत दिल्यासारखे होत नाही का?

भारतीय राज्यघटनेसमोर हा प्रश्न अमेरिकेतल्या वादाच्या कितीतरी आधी उभा राहिला होता. घटनेचा पाया ग्रामपंचायत असावी, अशी मागणी करणाऱ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत उत्तर दिले. खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे डबके आहे, असे सांगून मसुद्याने खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक मानला याचा त्यांनी आनंद व्यक्त केला. एवढ्यावरून आंबेडकर हे नात्यांना न मानणारे व्यक्तिवादी होते, असे अनेकांना वाटते. एका वर्षानंतर, 25 नोव्हेंबर 1949 रोजी, त्याच सभेत ते म्हणाले की, बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता टिकणार नाहीत, आणि हजारो जातींत विभागलेल्या लोकांचे राष्ट्र कसे होईल?

ही दोन भाषणे एकत्र वाचली की त्यांची भूमिका उलगडते. माणसाला बंध लागतात, हे त्यांना मान्य होते. जात हा त्या बंधाचाच अडथळा आहे, कारण ती माणसाला एका छोट्या गटात घट्ट बांधते आणि बाकीच्यांपासून तोडते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून समुदाय महत्त्वाचा आहे एवढे म्हणून भागत नाही. कोणता समुदाय, आणि त्याच्या आत प्रश्न विचारता येतो का, हेही सांगावे लागते. अमेरिकेतल्या समुदायवाद्यांना हा प्रश्न टोचलाच नाही असे नव्हे. पण त्यांच्या लेखनात समुदाय म्हटले की शेजार, चर्च, नगरसभा डोळ्यांसमोर येतात. विहिरीवर कोणी जायचे हे ठरवणारा समुदाय त्यांच्या समोर क्वचितच उभा असतो.

1949 चा कायदा आणि 1962 चा निकाल

वादाच्या दोन्ही बाजू एकाच प्रकरणात पाहायच्या असतील तर जुन्या मुंबई राज्यात जावे लागते. समाजातून बहिष्कृत करण्याची प्रथा बेकायदा ठरवणारा कायदा मुंबई राज्याने 1949 मध्ये केला. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मप्रमुख सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. 1962 मध्ये पाचपैकी चार न्यायाधीशांनी कायदा घटनाबाह्य ठरवला. श्रद्धेची शिस्त राखण्यासाठी बहिष्कृत करणे हा धर्मसंप्रदायाच्या अंतर्गत कारभाराचा भाग आहे आणि तो कारभार पाहण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या 26 व्या कलमाने दिले आहे, असा बहुमताचा युक्तिवाद होता.

सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा एकटे वेगळे पडले. बहिष्कृत माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते आणि व्यक्तीची प्रतिष्ठा जपण्यासाठीच हा कायदा केला आहे, असे त्यांनी लिहिले. या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून समाजातल्या सुधारकांच्या मंडळाने 1986 मध्ये याचिका केली आणि 2023 मध्ये घटनापीठाने तो प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. दरम्यान महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा संमत केला. तो 2017 मध्ये लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

बहुमताने समुदायाचे स्वातंत्र्य जपले आणि सिन्हा यांनी व्यक्तीची प्रतिष्ठा, अशी या निकालाची सरधोपट विभागणी केली जाते. ती अपुरी आहे. सिन्हा यांच्या मताचा जोर कशात आहे ते पाहावे. मशीद, दफनभूमी, सोबतीची माणसे गेल्यावर माणूस माणसासारखा जगू शकत नाही, असे त्यांना दिसते. म्हणजे प्रतिष्ठा एकट्या माणसाच्या कातडीत मावत नाही आणि ती इतरांच्या वागण्यात राहते, हे समुदायवाद्यांचेच म्हणणे त्यांनी व्यक्तीच्या बाजूने वापरले. सडाफटिंग माणसाला वाळीत टाकताच येत नाही, कारण त्याच्यापासून काढून घेण्यासारखे काही नसते.

“पटत नसेल तर बाहेर पडावे”

हा आक्षेप उदारमतवाद्यांच्या एका शाखेकडून येतो. गटांना आपले नियम करू द्यावेत, फक्त प्रत्येकाला बाहेर पडण्याचा हक्क असला की झाले. कागदावर हे स्वच्छ दिसते. पण मुंबईत खोली घेऊन राहणे आणि वाडीबाहेर पडणे या एकच गोष्टी नाहीत. ज्याला वाळीत टाकले आहे तो बहुतेक वेळा बाहेर पडायचे म्हणत नसतोच. त्याला पालखी पुन्हा आपल्या अंगणात यायला हवी असते. त्याचे भांडण गावाशी असते ते गावातला माणूस म्हणूनच. गावकी म्हणजे चार पंच नव्हेत, आपणही गावकीच आहोत, असा त्याचा दावा असतो. समुदायवाद गंभीरपणे घ्यायचा तर हा दावाही त्याच वजनाने घ्यावा लागतो. ज्यांची आयुष्ये त्या परंपरेने घडली, त्या सगळ्यांचा तिच्यावर हक्क पोहोचतो. तिचा अर्थ लावण्याची मक्तेदारी पंचांकडे कोठून आली, याचे उत्तर पंचांना परंपरेच्याच भाषेत द्यावे लागते आणि ते त्यांना सहसा देता येत नाही.

म्हणूनच 2016 च्या कायद्यातली एक तरतूद मला शिक्षेच्या कलमापेक्षा बोलकी वाटते. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर या गुन्ह्यात तडजोड होऊ शकते. बळजबरीने करवलेल्या तडजोडीची भीती येथे खरी आहे आणि न्यायालयाच्या परवानगीची अट त्यासाठीच असते. पण तक्रारदाराला पंच तुरुंगात गेलेले पाहण्यापेक्षा बरेचदा त्यांच्याच पंगतीला पुन्हा बसायचे असते, हे त्यात ओळखले आहे. दुकानदाराने मीठ नाकारले तर त्याला शिक्षा करता येते. मयताच्या दिवशी शेजारी दाराशी येऊन उभा राहावा, असा हुकूम कोणत्याही न्यायालयाला काढता येत नाही.